शुक्रवारचा फोन कोणाकडे?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका स्टार्टअपमध्ये माणसं इनमीन सहा, पण मालकाची जाहिरात वाचून वाटावं, चंद्रावर यानच सोडायचंय. ‘झोकून देणारा लढवय्या हवा. घड्याळाकडे बघणाऱ्यांनी अर्ज करू नये. पाच वर्षांचा अनुभव, पदवी आवश्यक. आम्ही एक कुटुंब आहोत.’ आणि काम काय? तर रेस्टॉरंटांच्या फ्रीझरना कंपनीची यंत्रं लावलेली असतात, फ्रीझर तापला की ती कोकलतात, मग घाबरलेल्या आचाऱ्याचा फोन उचलायचा आणि काय करायचं ते त्याला शांतपणे सांगायचं.

हे काम सध्या एकटी रेनाटा कोवालचिक करत होती. दोन वर्षं रोज संध्याकाळी फोन तिच्याच उशाशी. शुक्रवारी तर विचारूच नका. तिथल्या रिवाजाप्रमाणे अख्खं शहर तळलेले मासे खायला बाहेर पडतं, स्वयंपाकघरात फ्रीझरची दारं सारखी उघडी, आणि इशाऱ्यांचा नुसता धुमाकूळ. महिनाअखेरपर्यंत दुसरं माणूस आलं नाही तर राजीनामा द्यायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हे ग्रँटला माहीत नव्हतं.

ग्रँट लिंडक्विस्ट म्हणजे मालक. माणूस वाईट नव्हता, पण उत्साहाला लगाम नाही.

“तीन आठवडे झाले गं! धड एक अर्ज नाही,” तो तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला. “एकानं तर लिहिलंय, काम तिघांचं आणि पगार गुलदस्त्यात, तुमचं कुटुंब तुम्हालाच लखलाभ! तू जरा गोड करून लिही ना.”

रेनाटा लगेच कामाला लागली. लढवय्याला पहिल्यांदा घरी पाठवलं. पदवी खोडली.

“पदवी कशाला रे? यंत्राला काय कळतंय, समोरचा कुठवर शिकलाय ते?”

“बरं, अनुभव तरी?”

“लोकांशी धीरानं बोलता यायला हवं, एवढंच आवश्यक. यंत्र आपण शिकवू, पहिल्या महिन्यात. तसंच लिहिते. आणि पगाराचा आकडा सांग, कमीत कमी आणि जास्तीत जास्त.”

ग्रँटनं कुरकुरत आकडे सांगितले. दुसऱ्या दिवशी जाहिरात तयार झाली. पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं, कोणाबरोबर, अर्जाला उत्तर कधी मिळेल, सगळं साध्या भाषेत. वेळेबद्दल एकच ओळ होती: ‘कधीकधी संध्याकाळी फोन घ्यावा लागेल.’

“वा! हे वाचून मीच अर्ज करीन,” ग्रँट खूश झाला. “टाक आजच.”

रेनाटानं माउसवर बोट ठेवलं, पण ते काही दाबलं जाईना. कधीकधी! डोंबलाचं कधीकधी. एकदा बटण दाबलं की कोणीतरी भोळंभाबडं माणूस येणार होतं, आणि ती सुटणार होती. तिला सुटायचं होतंच, अगदी मनापासून. पण तीही अशाच एका ओळीला भुलून आली होती. मुलाखतीत ग्रँट हसत म्हणाला होता, ‘संध्याकाळचं काय, क्वचितच.’ तिला स्वतःचीच चीड आली. तिनं ओळ पुसली, नवी लिहिली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

‘रोज संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फोन तुमच्याकडे असेल. शुक्रवारी तो थांबत नाही.’

“अगं, हे वाचून कोण येईल?”

“खरं तेच लिहिलंय.”

“मग जरा मऊ शब्दांत...”

“शब्द मऊ करून फोन वाजायचा थांबतो का, ग्रँट? आता कामच मऊ कर.”

तो खुर्ची ओढून बसला. ती ओळ त्यानं पुन्हा दोनदा वाचली.

“पाळी लावू,” शेवटी म्हणाला. “एक आठवडा तू, एक नवं माणूस, एक...” तो अडखळला, “एक मी.”

“हे लिहायचं, तर आधी व्हायला हवं. या शुक्रवारी फोन तू ने.”

त्यानं फोन नेला. सोमवारी आला तो डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. फोनची ओळ पुसून त्यानं स्वतः नवी टाइप केली: ‘संध्याकाळ आणि शनिवार-रविवारचा फोन तिघांत पाळीनं, तीन आठवड्यांतून एक आठवडा तुमचा. तिघांत मालकही आहे. फोनच्या आठवड्यानंतर दोन दिवस भरपगारी सुटी.’ मग जाहिरात टाकली.

आठवडाभरात बरेच अर्ज आले. मुलाखतीला पहिली आली ती डेल्फीन ओकाफोर, एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम केलेली. तिनं जाहिरात छापूनच आणली होती.

“एक विचारू? राग मानू नका,” ती म्हणाली. “आधी हे काम करणारं माणूस सोडून का गेलं?”

ग्रँट हसला. “छे, सोडून कोण गेलंय? ही काय समोर बसलीये!”

डेल्फीन मात्र रेनाटाकडेच बघत होती. जाहिरातीत खरं लिहून इथे खोटं बोलायला रेनाटाची जीभ रेटेना.

“जाणार होते,” ती म्हणाली. “महिनाअखेरीला.”

ग्रँटचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं रेनाटाकडे पाहिलं.

“आणि आता?” डेल्फीननं विचारलं.

रेनाटा उत्तर देणार, एवढ्यात ग्रँट हळूच म्हणाला, “मलाही तेच ऐकायचंय.”