उघड्या तोंडाचा गीझर

"आजपासून या घरातलं धुराचं राज्य संपलं," भाऊ प्रधानांनी जाहीर केलं आणि धरणाचा दरवाजा उघडावा तशा थाटात न्हाणीघरातला नळ फिरवला. नळातून दोऱ्याएवढी धार आली. तिनं क्षणभर विचार केला आणि थेंबांवर समाधान मानलं.

दारात उभ्या असलेल्या मंडळींत बादली एकट्या क्षमाच्या हातात होती. भाऊंची ही सून शाळेत सायन्स शिकवायची, आणि रोज पहाटे बंब पेटवता पेटवता खोकायची. या थंडीत खोकला इतका वाढला, की डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी बजावलं, "बंब बंद करा. नाहीतर माझ्याकडे येणं बंद करा." म्हणून मुलुंडच्या त्या दुमजली घरात विजेचा गीझर आला होता आणि तांब्याचा बंब गच्चीवर गेला होता.

"बादली भरेपर्यंत सूर्य डोक्यावर येईल," भाऊ म्हणाले. रेल्वेच्या तक्रार खात्यात सगळी नोकरी गेल्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल ते फार लवकर लावत. "विलायती सोंग आहे. रविवारी बंब खाली घ्या."

"रविवारपर्यंत मी बघते, मामंजी," क्षमा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. त्या आवाजानं वर्गातली शेवटची बाकंसुद्धा गप्प बसत.

नंदकुमारनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लगेच इलाज सुचवला. "खाली म्युनिसिपालटीचा नळ आहे ना, सकाळी त्याला काय जोर असतो. बादली हातातून उडते. त्यालाच जोडून टाकू."

"आणि पाणी गेल्यावर?"

"गेल्यावर आंघोळ कशाला करायची?" नंदकुमार म्हणाला. त्याचं ऑफिस लवकर असे, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं जग सात वाजता संपत होतं.

क्षमा स्टूल घेऊन गीझरखाली उभी राहिली. त्याच्या पोटाला पितळी पट्टी होती. पट्टीवर हा गीझर किती दाबाचं पाणी सोसतो ते कोरलेलं होतं, आणि आकडा चांगला भरभक्कम होता. खालच्या नळीवर दोन पितळी गाठी होत्या. मग ती पदर खोचून गच्चीवर गेली. पाण्याची टाकी न्हाणीघराच्या थेट डोक्यावर, गच्चीच्या फरशीवरच बसवलेली होती. धाकट्या दिराच्या पतंगाच्या दोऱ्याला कुलूप बांधून तिनं टाकीतल्या पाण्यापासून गीझरपर्यंतची उंची मोजली. दोरा जेमतेम दोन पुरुष भरला.

त्याच संध्याकाळी गिल्बर्ट परेरा आला. स्टेशनजवळ त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि गीझर त्यानंच दिला होता. त्यानं धार पाहिली, गाठींवरून बोट फिरवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"बाई, हा तर मेनचा गीझर आहे. थेट म्युनिसिपालटीच्या दाबाचा. ही एक गाठ दाब कमी करायला, ही दुसरी तापलेलं पाणी मागं जाऊ नये म्हणून. हिच्यात स्प्रिंग आहे. ती उघडायलाच तुमच्या टाकीचा अर्धा जोर जातो. उरलेला पहिल्या गाठीत अडकतो."

"मग टाकी असताना असला दिलात कशाला?"

"मी विचारलं होतं ना. टाकी की मेन, दोनदा विचारलं." गिल्बर्टनं भाऊंकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यात त्याला कष्ट पडत होते.

भाऊंनी घसा साफ केला. "आमच्याकडे डायरेक्ट म्युनिसिपल सप्लाय आहे, असं मी म्हणालो असेन. म्हणजे आहेच. टाकीत पाणी काय आकाशातून पडतं?"

खरी गोष्ट अशी, की त्या वेळी दुकानात शेजारचे विद्याधर कर्णिक उभे होते. कर्णिकांच्या घरी टाकी नव्हती, थेट नळ होता, आणि ते कोणत्याही विषयावरून थेट नळावर येत. त्यांच्यासमोर टाकीचं नाव काढणं भाऊंना जमलं नव्हतं.

"गाठी काढून टाका की दोन्ही," नंदकुमार म्हणाला.

"काढता येतील, साहेब. मग वाफेसाठी एक नळी टाकीच्याही वर न्यायची, फरशी फोडायची, सगळे नळ मोठे घालायचे. त्यापेक्षा हा मी परत नेतो आणि उघड्या तोंडाचा देतो. तो टाकीसाठीच असतो."

"उघड्या तोंडाचा म्हणजे गरम बाजूला नळ नाहीच?" क्षमानं विचारलं.

"नाहीच. नळ गार बाजूला. तो उघडला की खालून गार शिरतं आणि वरचं गरम तोंडातून बाहेर ढकललं जातं. तोंड कायम उघडं. म्हणून आत दाब चढतच नाही, आणि पत्राही पातळ चालतो."

"मग त्याला म्युनिसिपालटीचा जोर नको."

"तोंड उघडं ठेवलं तर एकवेळ चालेल. पण कुणी तोंडाला नळ लावला तर पोट फुगेल, आणि मग नुसतं फुगून थांबणार नाही."

शनिवारी नवा गीझर चढला. क्षमानं आधी पट्टी वाचली आणि मगच गिल्बर्टला स्टूलावर चढू दिलं. टाकीपासूनची नळी जाड घातली, कोपरे कमी केले. पाणी तोंडातून वाहू लागल्यावरच तिनं बटण दाबलं. तासाभरानं बादली घसघशीत भरली, वाफ आली, आणि नंदकुमार "झकास" म्हणाला, ते त्याच्या शिफारशीप्रमाणे काहीही केलं नव्हतं तरी.

रविवारी सकाळी क्षमा स्वयंपाकघरात होती. न्हाणीघरातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती गेली तेव्हा बटण चालू होतं, भाऊ स्टूलावर होते, आणि त्यांच्या हातात पाना आणि नवीन पितळी नळ होता. हा नळ त्यांनी खास घाटकोपरला जाऊन, गिल्बर्टला न विचारता आणला होता.

तिनं हात वर करून बटण बंद केलं.

"गळतोय," भाऊ म्हणाले. "कालपासून टप टप. गळका नळ ठेवायचा या घराचा रिवाज नाही. नळ गळत असला तर माझी आई झोपायची नाही, दुरुस्त होईपर्यंत जेवायची नाही. लक्ष्मी वाहून जाते."

"मामंजी, तो गळत नाही. पाणी तापलं की फुगतं. फुगलेलं जास्तीचं पाणी तेवढ्या तोंडातून बाहेर येतं. गार झालं की थांबेल."

"मग नळ लावल्यावर ते आतच थांबेल."

"कुठे थांबेल? गार बाजू बंद, गरम बाजू बंद, पत्रा पातळ. आणि खाली तुम्ही अंगाला साबण लावून बसलेले."

भाऊंनी खाली पाटाकडे पाहिलं. मग वर गीझरकडे पाहिलं. तक्रार खात्यातल्या माणसाला आपली बाजू पडल्याचं कळतं, फक्त ते लिहून देण्याची सवय नसते.

"बंब?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"बंब वर राहील. हा नळ बागेला लावू. या तोंडाला मी असेपर्यंत काही लागणार नाही, नळ नाही, बूच नाही, चिंधीसुद्धा नाही." बोलताना ती खोकली नाही. आठवड्यात पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून सलग निघालं होतं, आणि ते भाऊंच्याही लक्षात आलं.

ते सावकाश स्टूलावरून उतरले. पाना खिशात घातला. गीझरच्या तोंडातून आणखी एक थेंब फरशीवर पडला, तो त्यांनी जाताना पाहिला, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"क्षमा, एवढं कर," ते म्हणाले, "त्या थेंबाखाली माझा तांब्या ठेव. दाढीपुरतं साठेल."