दिव्याची टोपली

नूरभाऊ पहिल्यांदा मले खोटं बोलला, तेव्हाच माह्या डोक्यात किडा शिरला.

नूर मोहम्मद म्हणजे आमचा गडचिरोलीचा दुकानदार. सूप, टोपली, पसरट पर्रा, झाडू, सगळं त्याच्या दुकानात. आमा बुरडांच्या घरचा बांबूचा माल त्याच्याच ओट्यावर उतरते, माह्या सासूच्या वेळेपासून. तो माणूस दारात येऊन, मान खाली घालून म्हणे, "रुखमाबाई, ते दिव्याच्या टोपल्या सध्या नका बनवू. नागपूरच्या दुकानवाली बाई घ्यायले तयार नाई."

"काऊन? काई खराबी निंगाली का?"

"नाई, नाई. खराबी नाई. बस, सध्या राहू द्या."

आता मले सांगा, खराबी नाई अन् तरी घेत नाई, हे कोणत्या गावचं बोलणं झालं? अन् तो माह्याकडं पाहून बोलतच नव्हता. मी समजली, कुठंतरी पाणी मुरून राह्यलं.

तुमाले दिव्याची टोपली म्हणजे काय ते सांगते. शहरातले लोक तिले लॅम्पशेड म्हणतात. बल्बावर उलटी टांगतात. प्लास्टिकचं सूप आलं, तेव्हापासून बांबूच्या सुपाले कुत्रं विचारत नव्हतं. मंग एका संस्थेनं धानोऱ्याले शिबिर घेतलं, तिथी मी हे शिकली. लाकडी साचा पालथा ठेवायचा, त्याच्यावर बांबूच्या उभ्या कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, लावायच्या, अन् मंग आडवी बारीक कमची एकीच्या वरून एकीच्या खालून फिरवत न्यायची. काम सुपाचंच, पण कमची कागदासारखी पातळ पाहिजे, नाई तं उजेड छनून येत नाई. त्या टोपल्यांवर आमचं घर चालून राह्यलं होतं. माहा नवरा गेलेला, घरात मी अन् माही पोरगी दिव्यानी. नागपूरचं ते एक दुकान सुटलं तं आमी पुन्हा बाजारात झाडू घेऊन बसणार, हे साफ होतं.

नूरभाऊची सून सुरय्या माह्यापाशी शिकाले येत होती. तिचा नवरा दुबईले, घरी बसून जीव घाबरते म्हणे. मी शिकवलं. माह्या जातीच्या बायका बोलल्या, "रुखमा, धंदा दुसऱ्याच्या हाती देऊन राह्यली तू." मी म्हटलं, बांबूच्या जंगलात बांबू संपते का? पण आता मले त्यांचंच बोलणं आठवे.

मंग मी ध्यान ठेवाले लागली. अन् ध्यान ठेवलं की काय नाई दिसत, मायबाई!

माह्या पातळ कमच्यांचा ढीग रोज कमी होत होता. दिव्यानीचं कामच कमच्या काढायचं. हिरवा बांबू उभा चिरायचा, गाठी छाटायच्या, पाठीकडची कातडी वेगळी अन् पोटाकडचा गर वेगळा करायचा. पोट्टीचा हात असा, की एका बोटाएवढ्या चिरेतून चार थर काढे. तिनं विणकाम मात्र करू नाई, असं माहं म्हणणं. काऊन, तं ती डावखुरी. आमची वीण उजवीकडं सरकत चढते. हिची डावीकडं चढे, अन् काठाची बांधणीही उलटीच झुके. आमच्यात उलट विणीचा पर्रा लग्नाच्या मांडवात घेत नाई, अपशकून म्हणतात. नवरीच्या सुपात उलटी वीण दिसली तं वरमाय जाग्यावर फेकून देते. लहानपणी मी तिच्या डाव्या हाताले फडकं बांधून ठेवो. उजव्यानं विणवलं तं माल ढिला होये. मंग म्हटलं, तू कमच्याच काढ बापा.

ढीग कमी होऊन राह्यला म्हणून मी तिले विचारलं. ती म्हणे, "बांबूच खराब आला, आई. तुटून राह्यला." मी जंगलखात्याच्या डेपोतून स्वतः निवडून आणलेला बांबू! पण मी पोरीवर कायले शंका घेऊ? मी म्हटलं, हे सुरय्याचंच काम. येते तेव्हा थैली रिकामी असते, जाते तेव्हा फुगलेली. मी अंगणात पाय टाकला की दोघींचं बोलणं बंद. अन् एक दिवस पाहते तं माहा जुना साचा गायब.

मी सरळ सुरय्याच्या घरी गेली. तिच्या मागच्या आवारात बांबूची पांढरी छिलकं पडलेली. ताजी! मी तिले तिथीच धरलं.

"सुरय्या, हे काय व?"

ती पांढरी पडली. "मौशी, मी कसम खाते, मी चोरी नाई केली."

"मंग साचा कुठी हाय माहा?"

"साचा इथी आहे. पण मी काई सांगू शकत नाई. मले कसम घातली आहे."

"कोणं घातली?"

ती नुसती ओढणीचं टोक पिळत राह्यली. मी तिच्या तोंडावर म्हटलं, "मी तुले जेवू घातलं, हातात हात धरून शिकवलं, अन् तू माह्याच पोटावर पाय दिला. तुह्या सासऱ्यानं माहा माल बंद केला अन् तुहा चालू केला. कुंपणच शेत खाऊन राह्यलं!" ती रडली. मले तिच्या रडण्याचीही शंका आली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरी येऊन दिव्यानीले सांगितलं, आजपासून सुरय्याशी बोलणं बंद. ती एकदम म्हणे, "आई, तिची काई चूक नाई."

"तू तिची वकील हायेस का?"

ती उठून बांबू चिराले बसली. सगळ्यांनीच चूप बसायचं ठरवलं होतं.

मी काई चूप बसणारी नाई. सकाळची एसटी पकडली अन् थेट नागपूर. दुकानाचं नाव तेवढं माहीत होतं, विचारत विचारत पोचली. मोठं दुकान, थंडगार, आत सगळे दिवे लागलेले. गल्ल्यावर एक चष्मेवाली बाई. मी नमस्कार-बिमस्कार काई केला नाई.

"तुमच्या दुकानात जो नवा माल येऊन राह्यला ना गडचिरोलीचा, तो चोरीचा आहे," मी म्हटलं. "साचा माहा, बांबू माहा, शिकवलं मी."

बाईनं चष्मा काढला. "तुम्ही रुखमाबाई का?"

"हो. जिचा माल तुमी बंद केला ती."

"तुमचा माल मी बंद केला नाही, ताई. नूर मोहम्मदनी तुमचा आणि हा नवा, दोन्ही माल आणले होते. गिऱ्हाइकांनी दुसराच मागितला, म्हणून मी तेवढाच घेतला." आता बाईचा आवाज कडक झाला. "पण चोरीचा असेल तर मला तो नको. भांडणातला माल मी दुकानात ठेवत नाही. तुम्ही बघा, नक्की काय ते सांगा. तुम्ही म्हणालात तर आजच बंद करते, आणि पहिल्यासारखा तुमचाच घेते."

यासाठीच तं मी आली होती! बाईनं माणसाले सांगून एक टोपली खाली काढवली अन् माह्या हातात दिली. बल्ब लागलेलाच होता आत.

मी पहिले नुसता उजेड पाह्यला. कमची अशी पातळ, की भिंतीवर पडलेल्या सावलीत एकही डाग नाई. असं काम माह्या हातानं जन्मात झालं नाई. मले राग आला. एवढं चांगलं? सुरय्याले तं अजून धड गाठ छाटता येत नव्हती!

मंग मी काठ पाह्यला.

काठाची बांधणी उलटी झुकलेली होती. मी टोपली फिरवली. वीण डावीकडं चढत होती. दुसरी मागितली, तिसरी मागितली. सगळ्या डाव्या. एकाच हाताच्या.

सुरय्या उजव्यानं विणते. मी शिकवलं तिले, मले माहीत नाई का?

माह्या घरात राहून, माह्या कमच्यांनी, माह्या नजरेआड! मी बाजाराले, डेपोवर गेली की सुरय्याच्या परसात लपून विणत होती माही पोट्टी, अन् तिच्या मालानं माहा माल दुकानातून उतरवला. परक्यानं केलं असतं तं मी शिव्या दिल्या असत्या. हिले काय देऊ? लई दुखलं. खरं सांगते, क्षणभर माह्या मनात आलं, म्हणून टाकावं चोरीचा आहे. एका शब्दानं माहा माल परत वर टांगला गेला असता अन् पोरगी पुन्हा कमच्या काढाले बसली असती. कोणाले कळलंही नसतं.

"काय ताई? चोरीचा आहे का?"

"नाई," मी म्हटलं.

"मग कोणाचा आहे? नूर मोहम्मद नाव सांगत नाही. म्हणतो, मुलीनं शपथ घातली आहे."

"माह्या पोरीचा. दिव्यानी नाव आहे तिचं. लिहून घ्या." मी टोपली गल्ल्यावर ठेवली. "डावखुरी आहे. अन् बाई, इकडं कोणी विचारते का वीण कोणीकडं चढली म्हणून?"

"कशाला विचारतील? मला तर तुम्ही सांगितल्यावर दिसलं," बाई हसली. "दिवाळीला भरपूर लागतील. करेल ती?"

परतीच्या गाडीत मी दिवसभराचा सगळा राग पुन्हा जमा केला. घरात पाय ठेवताच चार गोष्टी सुनावायच्या, असं पक्कं केलं. पहिले सुरय्याकडं गेली अन् तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "पोरी, मी वेडी होती." ती पुन्हा रडली. रडकीच हाय ती.

दिव्यानी दारात बांबू चिरत बसली होती. मी म्हटलं, "मी नागपूरहून आली."

तिच्या हातून कोयता पडला. ती उभी राह्यली, अन् तिनं डावा हात ओढणीखाली लपवला.

दुकानात मले रडू आलं नव्हतं, गाडीतही नाई. पण पंचवीस वर्षांची पोट्टी आपल्या आईपासून आपलाच हात लपवून राह्यली, हे पाहून माहा सगळा राग पाण्यात गेला. मी खाली वाकून कोयता उचलला अन् तिच्या जागेवर बसली.

"दिवाळीचा माल मांगतला आहे बाईनं," मी म्हटलं. "सरक तिकडं. साचा घेऊन ये सुरय्याकडून. कमच्या मी काढते, तू विण."

"पण आई, तुह्या कमच्या जाड्या होतात," ती हळूच म्हणे.

"मंग शिकव न मले," मी म्हटलं.