रिकाम्या पडद्यावरचं हॅलो

स्वरयंत्र काढल्यावर ताई बोलू शकणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धाकट्या बहिणीने तिच्यापुढे छोटा रेकॉर्डर धरला. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात ताईचा जन्म गेला होता. घरात तिला भोंगाच म्हणत. त्या भोंग्याने रोजची वाक्यं बोलून ठेवली. अहो, ऐकलंत का. जेवायला चला. मी बरी आहे. दुसरीकडे उतरवून घ्यायचं मात्र धावपळीत राहून गेलं.

ऑपरेशननंतर एका दुपारी दवाखान्यात ताईला डोळा लागला होता. तिच्या नवऱ्याला, दाजींना, तिचा आवाज ऐकावासा वाटला, म्हणून त्यांनी रेकॉर्डर उचलला. चष्मा घरी राहिला होता. पडद्यावर काहीतरी विचारणा आली. दाजींनी ‘हो’ दाबलं. पडदा रिकामा झाला.

यंत्रच बिघडलं असेल, म्हणून त्यांनी लाल बटण दाबलं. “हॅलो, हॅलो. चालतंय का?” बटण सोडलं तेव्हा कुठे काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी धाकटीला फोन लावला. ती आवाजाच्या स्टुडिओत काम करायची.

“अगं, भोंगा गेला! सगळं पुसलं गेलं माझ्याकडून.”

“दाजी, आधी ते बंद करा. बटणं चाचपत बसू नका.”

“केलं बंद. मी फक्त हॅलो म्हणून बघितलं गं.”

“ठीक आहे. आता परत नाही. आतलं कार्ड काढा. कडेला छोटी खिट्टी दिसते?”

“बोटाला लागतेय.”

“ती लॉकच्या बाजूला सरकवा. आवाज अजून तिथेच असेल. यंत्राने फक्त ती जागा मोकळी धरली आहे. नवीन काही भरलं की त्यावर बसतं. कार्ड कुठेही घालू नका, कुणा हुशार माणसाला देऊ नका. मी येते.”

ती येईपर्यंत दाजींनी कार्डाची मूठ उघडली नाही.

स्टुडिओत तिने आधी अख्खं कार्ड दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवलं, आणि शोध त्या प्रतीत घेतला. दाजी मागे उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“जेवायला चला,” ताई बोलली. दाजींनी तोंड फिरवलं.

सगळं मिळालं. फक्त अगदी पहिल्या वाक्याची सुरुवात नव्हती. “...ऐकलंत का,” एवढंच होतं. “अहो”च्या जागी दाजींचं हॅलो बसलं होतं.

“ते आता परत येत नाही, दाजी.”

संध्याकाळी दाजींनी ताईला सगळं सांगितलं. अहो गेलं, हेही सांगितलं. ताईने खाटेच्या दांड्यावर बोटाने दोनदा टकटक केलं.

“काय गं?” ‘अहो’ ऐकून वळावं तसे दाजी वळले.

तिने पुन्हा दोनदा टकटक केलं, आणि पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवलं.