लेखी सहा दिवस

दिपमाला जळगावच्या एका सरकारी कार्यालयात डेटा एंट्री करायची, पण नेमणूक एजन्सीची. अकरा महिन्यांच्या करारात एकही भरपगारी रजा नव्हती. उलट एक अट होती: विनापरवानगी तीन दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास काम सोडले असे समजले जाईल.

धुळ्याला तिच्या आईचं, पुष्पाबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. दिपमाला एकुलती एक. तिने कार्यालयातल्या साहेबांना रजेचं विचारलं. ते म्हणाले, "एजन्सीला विचारा." एजन्सीचे सुपरवायझर लीलाधरभाऊ म्हणाले, "जा ना ताई, मी आहे. लेखी कशाला?"

गेल्या वर्षी एजन्सीचाच हेमराजही असाच तोंडी सांगून गेला होता. परत आला तर त्याच्या खुर्चीत दुसराच बसलेला.

तिने अर्जाच्या दोन प्रती काढल्या. आठ दिवसांची बिनपगारी रजा, तारखा, कारण. आणि तिचं काम सांभाळायला शेजारच्या टेबलावरची मोहिनी तयार आहे, हेही. खाली मोहिनीची सही. साहेबांनी 'कार्यालयाची हरकत नाही' असं लिहून दिलं.

लीलाधरभाऊंनी अर्ज वाचला. "आठ नाही जमणार. पंचवीस तारखेला मासिक अहवाल जातो. पाच घ्या."

"ऑपरेशननंतर आईला उभं करायलाच चार दिवस लागतील, भाऊ. सहा द्या. चोवीसला मी खुर्चीवर असेन, अहवाल मीच करते."

त्यांनी लिहिलं, 'सहा दिवस बिनपगारी मंजूर.'

"'परवानगीने' असंही लिहा. करारात तोच शब्द आहे."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, शब्द लिहिला, सही-शिक्का मारला. एक प्रत तिच्याकडे.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी आईला वॉकरवर उभं करत असताना एजन्सीच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. "तीन दिवस झाले, तुम्ही नाहीत. उद्या दुसरी मुलगी पाठवतोय."

आईला खाटेवर बसवून तिने मंजुरीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कृपया उत्तर लेखी द्यावे.'

"मनाकरता तुनं काम जाई का वं?" आपल्यापायी लेकीचं काम जाईल या काळजीने पुष्पाबाईंनी विचारलं.

"नाही जाणार, आई," ती म्हणाली. पण तासभर तिने फोन खाली ठेवला नाही.

अखेर मेसेज आला: 'नोंद घेतली. चोवीसला हजर व्हावे.'

तिला आणखी दोन दिवस हवे होते. घरी आणलं तरी आई अजून एकटी संडासला जाऊ शकत नव्हती. पण तिने मागितले नाहीत. शेजारच्या सुंदरबाईंना सगळं समजावून सांगितलं, आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि जळगावची एसटी धरली.

चोवीसला लीलाधरभाऊ स्वतः टेबलाशी आले. "ताई, तो अर्ज कसा लिहिला होता, मला पाठवा. आपल्या एजन्सीच्या धनसिंगला मुलीच्या लग्नाला जायचंय."