शुक्रवारपर्यंतची गाडी

डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर कितीतरी वेळ गरगरत राहिलं. अंबिकानं त्यावर पाय ठेवून ते गप्प केलं आणि चटईकडं बघितलं. संस्कृती कुशीवर वळली, ओठ चोखल्यासारखे केले आणि परत झोपली. पोरगी झोपली म्हणजे तासाभराचं राज्य. तेवढ्यात फळ्या पुसून त्यावर नवे कागद घालायचे होते. शेजारच्या चतुराबाईंनी रद्दीतला एक गठ्ठा आणून दिला होता.

कागद अंथरता अंथरता एका पानावर तिला सासूचं नाव दिसलं.

आधी तिला हसूच आलं. तिच्या सासूचं, सारजाबाईचं, नाव पेपरात कशाला येईल? पण नावाच्या आधी गाडीचा नंबर होता, आणि तो नंबर तिला झोपेतसुद्धा आठवत होता. वर मोठ्या अक्षरांत जाहीरनामा होता: पोलीस ठाण्यात बेवारस पडलेल्या गाड्यांची यादी. मालकांनी सहा महिन्यांच्या आत कागदपत्रांसह येऊन हक्क शाबित करावा, नाहीतर गाडी सरकारजमा होऊन तिचा लिलाव होईल. पेपर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला होता आणि आता मे सरत आला होता. अंबिकानं बोटांवर मोजलं, मग परत एकदा मोजलं. आज बुधवार. मुदत परवा, शुक्रवारी संपत होती.

ती मोटारसायकल सव्वा वर्षापूर्वी मुकुंदवाडी स्टेशनबाहेरून चोरीला गेली होती. तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तक्रारसुद्धा दिली नाही. कागद मागतील म्हणाला, आणि कागद मेंढरांबरोबर गेलेले. त्यांच्या घरची रीतच तशी. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन म्हातारी बाहेर पडायची ती मिरगाच्या तोंडावर पैठणकडच्या गावी परतायची, आणि घरातला प्रत्येक सरकारी कागद तिच्या कमरेच्या कशात, त्या कापडी पिशवीत, असायचा. बंद घरात कागद ठेवून उंदरांना का घालायचे, असं तिचं म्हणणं. गाडीही तिच्याच नावावर होती. मेंढरं तिची, त्यातली काही विकून घेतलेली गाडीही तिची. कागद घरी परत आले तोवर गाडीची आशाच सुटली होती.

तेव्हापासून अजिनाथ वाळूजला कारखान्याजवळच राहत होता. दुसरी पाळी सुटायची तेव्हा शेअर रिक्षा बंद झालेल्या असायच्या, म्हणून सहा जणांच्या खोलीत पडायचा आणि रविवारी तेवढा घरी यायचा. संस्कृती सोमवारी सकाळी उठून त्याची उशी चाचपून बघायची. अंबिकाला गाडीचं काय ते एवढंच होतं.

पोरगी उठायची वाट न बघता तिनं तिला खांद्यावर टाकलं आणि पोलीस ठाणं गाठलं.

मुद्देमालाचं काम बघणाऱ्या हवालदार सुकेशनी मॅडमनी रजिस्टर उघडलं. गाडी गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये नाल्याकडेला टाकलेली मिळाली होती. आरटीओकडून मालकाचा पत्ता काढून नोटीस पाठवली, ती ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आली. मग दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं जाहीरनामा निघाला. सगळं रीतसर झालं होतं. फक्त ज्यांना कळायला हवं होतं ते माळावर होते.

“मी सून आहे त्यांची,” अंबिका म्हणाली. “मला द्या ना.”

“ताई, गाडी तुमच्या नावावर नाय. मालकीण पाहिजे, आरसी बुक पाहिजे, आधार पाहिजे. तेही शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत.” मॅडमनी पेन खाली ठेवलं. “त्यानंतर मी नाय, माझे साहेब नाय, कुणीच काय करू शकत नाय.”

सारजाबाईचा फोन संध्याकाळपर्यंत बंद लागला. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला लावलेला असणार. गुरुवारी दुपारी एकदाचा लागला. मेंढरांचा तळ फर्दापूरच्या पुढं एका रानात होता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, मग मेंढरं कुणावर सोडू, असं विचारलं. अंबिका रडकुंडीला आली.

“आत्या, तुमचा लेक आठवड्यातून एकदा घरी येतो. पोरीला वाटतं बाप पाहुणा आहे.”

 “पहिल्या एसटीनं निघते,” म्हातारी म्हणाली.

शुक्रवारी दहापासून अंबिका ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पोरीला घेऊन बसली. त्या दिवशी आधीच्या यादीतल्या गाड्यांचा लिलाव होता. अनामत भरलेले भंगारवाले रांगेनं उभे होते. एकेका गाडीची बोली होत होती. तेवढ्यात एक माणूस धावत आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसी बुक. ही स्कूटर माझी आहे, म्हणाला. सुकेशनी मॅडमनी त्याचे कागद नीट बघितले. कागद खरे होते. पण त्याची मुदत मार्चमध्येच संपली होती आणि आता गाडी सरकारची होती. तुम्हाला पाहिजे तर अनामत भरून बोली लावा, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. स्कूटर दुसऱ्याच्या बोलीवर गेली तेव्हा त्यानं तिच्या सीटवरची धूळ पुसली, आणि पिशवी घडी करून खिशात घातली.

बारा वाजले, दोन वाजले, साडेतीन झाले. फोन बंद.

साडेचारला फाटकातून सारजाबाई आली. घामानं निथळत होती, डोक्यावरचा पदर पार मागं गेलेला, आणि काखेतल्या झोळीतून एक कोकरू तोंड काढून बघत होतं. त्याची आई मेली होती, बाटलीनं दूध पाजावं लागत होतं, म्हणून बरोबर आणलं होतं. एसटी वाटेत बंद पडली होती, आणि सिडको स्टँडवर कोकरू बघून एकही रिक्षावाला तिला बसवून घेईना. विचारत विचारत ती पायी आली होती.

“त्यान्ला म्हणलं, तुमच्यापेक्षा हे कमी घाण करतंय. तरी नाय बसवलं.”

सुकेशनी मॅडम पहिल्यांदाच हसल्या. म्हातारीनं कमरेचा कसा सोडला. त्यातून रेशन कार्ड निघालं, सातबारा निघाला, अजिनाथचा पाचवीचा दाखला निघाला, आणि तळाशी, चौघडी घातलेलं, आरसी बुक.

मग सगळ्या मागच्या कुंपणापाशी गेल्या. गाडीच्या चाकांत हवा नव्हती, सीट फाटलेली. अंबिकानं गुडघ्यावर बसून पदरानं चासीवर कोरलेल्या नंबरवरचा मातीचा थर पुसला. एक-एक आकडा उघडा पडत गेला. मॅडम आरसी बुकातून वाचत होत्या, ती लोखंडावर बोट फिरवत होती. शेवटचा आकडा जुळला तेव्हा तिचं बोट तिथंच राहिलं.

आत येऊन सारजाबाईचा जबाब झाला, अंगठा झाला. मॅडमनी अर्जावर तारखेचा शिक्का मारला आणि पुढच्या लिलावाच्या यादीतल्या तिच्या नावावर आडवी रेघ ओढली. दंडाधिकाऱ्यांचा हुकूम यायला आठ-दहा दिवस लागतील, मग गाडी घेऊन जा, म्हणाल्या. पण आता ती लिलावात जात नाही.

“आणि पुढल्या वेळी गाडी गेली तर त्याच दिवशी इथं यायचं. कागद असो, नसो.”

“व्हय माय,” म्हातारी म्हणाली.

अंबिकानं पायरीवर बसून अजिनाथला फोन लावला. तो पाळीवर होता, मागं मशिनींची घरघर. तिनं सांगितलं. आता रोज घरी जेवायला आलो तर भाजी काय करशील, असं त्यानं विचारलं. तिला हसू आवरेना आणि डोळेही. किती दिवसांनी छातीवरचं काहीतरी कुणी उचलून नेलं होतं. पलीकडं म्हातारी कोकराला बाटली पाजत होती आणि सुकेशनी मॅडम बाटली तिरकी कशी धरायची ते तिच्याकडून शिकत होत्या.

लिलावातल्या गाड्या टेम्पोत चढत होत्या. सगळ्यात वर ती स्कूटर. तो माणूस अजून फाटकाजवळ उभा होता.

संस्कृतीनं आईचा पदर ओढला.

“मम्मी, त्या काकांकडं पण कागद होता ना? खरा होता ना?”

“होता की.”

“मग ती त्यांची गाडी त्यांची का नाय?”