गालावरची चापट, कागदावर

सिस्टरच्या डाव्या गालावर बोटं उमटली होती, तरी मेट्रनबाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. पेशंटच्या मुलाने तिला भर वॉर्डात मारलं होतं आणि घटनेचा अहवाल आजच वर जायला हवा होता.

तिने दातओठ खात लिहिलं, "माजलेला मुलगा उगाचच माझ्या अंगावर धावून आला."

"माज डोळ्यांनी दिसला का गं?" मेट्रनबाईंनी विचारलं. "दिसलं, ऐकलं, केलं, तेवढंच लिही. आणि उगाचच कसा? आधी तू काय बोललीस?"

सिस्टर घोटभर पाणी प्यायली आणि तिने नवा कागद घेतला.

"वडिलांच्या इंजेक्शनला उशीर का, असं मुलाने विचारलं. मी म्हणाले, 'एवढी घाई असेल तर तुम्हीच टोचा.' त्याने माझ्या डाव्या गालावर चापट मारली. माझ्या हातातला ट्रे पडला. मी दुसरं इंजेक्शन भरून वडिलांना दिलं."

शेवटचं वाक्य मेट्रनबाईंनी दोनदा वाचलं. मग खाली सही केली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "कुठाय तो माजलेला?"