आजीच्या वळणाचा फॉन्ट

सासूबाई जाऊन अकरा महिने झाले होते आणि माझी लेक त्यांच्याकडून नवी वाक्यं लिहून घेत होती.

गंधाली डिझायनर आहे. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना आजीच्या पाककृतींचं पुस्तक वाटायचं, हा घाट तिचाच. मुलुंडच्या आमच्या छोट्या घरात महिनाभर फॉन्टचा पसारा होता. एकात ल आणि श हिंदी वळणाचे निघाले. "आजी असा ल मेली तरी लिहिणार नाही," म्हणाली आणि जीभ चावली. मग तिने भाषा मराठी निवडली, तर त्याच फॉन्टमधून आपला ल आला. दुसऱ्यात घ आणि ध इतके सारखे, की ओट्यापाशी उभी राहून मी 'धणे'चं 'घणे' वाचलं. तिसऱ्यात ओळी दाटीवाटीने, वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकलेला. हे पुस्तक वाफेत, तेलकट हातांनी उघडलं जाणार, याचा पत्ताच नाही कुणाला!

शेवटी एक साधा, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा असलेला फॉन्ट मला पसंत पडला. गंधालीने नाक मुरडलं. "आई, यात आजी कुठेय गं?"

म्हणून तिने आजीच्या अक्षराचाच फॉन्ट करायला घेतला. आजीची पाककृतींची वही स्कॅन करून एकेक अक्षर कापून काढलं. हाताने लिहिलेली दोन अक्षरं कधी तंतोतंत सारखी नसतात, म्हणून प्रत्येकाची तीन रूपं, आलटूनपालटून येणारी. वहीत न सापडलेली जोडाक्षरं तिने आजीच्या वळणाने स्वतः काढली. सगळ्यात छळलं ते शिरोरेषेने. सासूबाई आधी शब्द लिहायच्या, मग वर एकच रेघ ओढायच्या. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षराकडे रेघेचा आपला तुकडा, आणि तो शेजारच्याला नीट भिडला नाही तर फट दिसते. गंधालीने एकेक फट बुजवली. इतकं चांगलं काम तिने करायला नको होतं, असं मला आता वाटतं.

एका दुपारी डायनिंग टेबलावर कागद दिसला. 'चहा ठेवा. मी आलेच. दार लावू नका.' सासूबाईंचं अक्षर, तोच डावीकडे कललेला र. मी गंधालीला हाक मारली.

"अगं, टेस्ट प्रिंट आहे ती," गंधाली आतून ओरडली. "वहीत नसलेली वाक्यं जमतायत का बघत होते. झकास आलंय ना?"

मी कागद उचलायला हवा होता. दुसऱ्या दिवशी बाजारातून आले, तर दार सताड उघडं. माझे सासरे दादा, वय चौऱ्याऐंशी, आठवणीने कधी इथे तर कधी चाळीस वर्षं मागे, समोर दोन कप घेऊन बसलेले. कागदावर त्यांनी खाली लिहिलं होतं, 'किती वाजता?'

"कोण येणार आहे, दादा?"

"वनमाला. चिठ्ठी आलीय."

दुसरा कप रिकामा होता. त्यांनीच प्यायला असणार, असं मी मनाला समजावलं. पण त्यांच्या कपातला चहा तसाच होता, वर साय धरलेला.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ती आल्यावर, म्हणाले. दुसऱ्या सकाळीही तेच. साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी देता येईनात, हात थंड पडायला लागले. गंधालीने लॅपटॉप समोर ठेवून सगळं दाखवलं. ते हसले. "तिचं अक्षर तू मला शिकवणार?"

रडवेली होऊन तिने त्याच फॉन्टमध्ये टाइप केलं, 'मी येणार नाही. जेवून घ्या.' दादांनी कागद नाकाशी धरून हुंगला.

"आत्ताच लिहिलंय ना? मग आहे की इथेच."

त्या अक्षरात अजून काहीही लिहिलं असतं, तरी दादांच्या लेखी ते वनमालानेच लिहिलं असतं.

गंधाली उठली. मला आवडलेल्या त्या साध्या फॉन्टमध्ये तिने आख्खी वही ओतली. पानं छापून, टाचून दादांच्या मांडीवर ठेवली. मी उभीच होते, देवाचं नाव घेत.

त्यांनी पहिलं पान चाचपलं, मग उलटं करून पाठ पाहिली. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं, ल पाशी थांबत होतं. सगळे ल सारखे.

"हे कोणी लिहिलं?"

"कोणी नाही, आजोबा," गंधाली म्हणाली. "छापलंय."

"वनमालाने लिहिलेलं यात काहीच नाही?"

"रेसिपी तिच्या. अक्षर नाही."

ते शेवटच्या पानापर्यंत गेले. पुन्हा पहिल्यावर आले.

"म्हणजे गेली ती," दादा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "सपना, पान वाढ. एकच."